मंगळवारी जामीन झाला, मग शुक्रवारी तो आतच कसा?

लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या सोमवारपासून एका मॅजिस्ट्रेट कोर्टात इंटर्नशिप करते आहे. काम एकच, जामिनाचे अर्ज बसून ऐकायचे. रोज डायरी लिहिते, त्यातलं थोडं इथे देते.

सोमवार : दुपारी आरोपी पार्टी आली. २२ वर्षांचा मुलगा, मोटारसायकल चोरी. पोलिसांनी पुढे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला नाही; एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला. मी ज्यांच्याकडे आहे त्या वकिलांनी लगेच जामिनाचा अर्ज दिला. कोर्टानं 'से', म्हणजे सरकारी बाजूचं लेखी म्हणणं, मागवला.

मंगळवार : से आला. सरकारी वकील दोन वाक्यं बोलले, आमचे सर चार. घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं. १५,००० चा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीन मंजूर! बाहेर येऊन मीच त्याच्या आईला सांगितलं, 'सुटला.' ती रडली.

शुक्रवार : ती आई कोर्टाच्या पायरीवर. मुलगा अजून जेलमध्येच. मला म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणालात ना सुटला म्हणून?" मला काही बोलता आलं नाही.

एखाद्याच्या स्वातंत्र्याचा निर्णय चार मिनिटांत कसा होतो? आणि जामीन होऊनही माणूस आत का?

---

वयानं लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस. एकोणीस वर्षं फौजदारी बाजूनं काम करते आहे, त्यातली बरीचशी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशांचेच अर्ज जास्त. तुझी शुक्रवारची नोंद वाचून हसू आलं नाही, कारण तो 'सुटला' मीही एकदा एका बाईला सांगितला होता.

आधी ती चार मिनिटं. तू मंगळवारी ऐकलंस ते भांडणाचं शेवटचं टोक. खरं भांडण सोमवारीच कागदावर झालं होतं. पोलिसांनी पुढे कस्टडी मागितली नाही याचा अर्थ गाडी जप्त झाली, विचारायचं ते विचारून झालं, त्यांना मुलगा आता ताब्यात नको आहे. एमसीआर झाला की जामिनाच्या अर्जाची वाट मोकळी होते. मग से येतो, आणि बहुतेक सेमध्ये तीच चार वाक्यं असतात : तपास चालू आहे, साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल, पुन्हा गुन्हा करेल. मॅजिस्ट्रेट रोज असे पंधरा-वीस कागद वाचतात. त्यांची नजर या चार वाक्यांवर थांबत नाही. ती शोधत असते ते या एकाच मुलाला लागू पडणारं पाचवं वाक्य. आधीचे गुन्हे आहेत का? राहण्याचा पत्ता खरा आहे का? साथीदार पळालेला आहे का?

चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. पण ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, अटक केलीत तर कारणं लिहा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्नेश कुमारच्या निकालात सांगून ठेवलं आहे. मुद्देमाल मिळाला, पूर्वीचा गुन्हा नाही, शिक्षा ३ वर्षं. अशा वेळी चार मिनिटं पुरतात. याच मुलावर आधीच्या तीन गाड्यांच्या केसेस असत्या तर तूच वीस मिनिटं घड्याळ बघत बसली असतीस. पुढच्या आठवड्यात अर्जाच्या आधी रिमांड रिपोर्ट वाचायला माग. मग चार मिनिटं एवढी कमी वाटणार नाहीत.

त्या चार मिनिटांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. त्यात एक प्रश्न कोणीच विचारला नाही : हा मुलगा जामीनदार आणणार कुठून? जामीन द्यायचा की नाही यावर वाद होतो, पण तो कोणत्या अटीवर द्यायचा यावर कोणी तोंड उघडत नाही. आकडा आणि 'एक जामीनदार' हे कोर्टाच्या सवयीनं ठरतं. तुझ्या सरांनीही त्यावर काही म्हटलं नसणार. मीही कित्येक वर्षं म्हणत नव्हते.

आता जामीन होऊनही माणूस आत का, ते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं पहिल्यांदाच जामिनाची व्याख्या दिली. त्या व्याख्येप्रमाणे जामीन म्हणजे बंधपत्र करून दिल्यावर होणारी सुटका. बंधपत्र दोन तऱ्हेचं : आरोपीनं एकट्यानं लिहून दिलेला जातमुचलका, आणि जामीनदारासकटचं जामीनपत्र. म्हणजे मंगळवारी झाली ती ऑर्डर. ती म्हणते, 'हे दोन कागद आणा, मग सोडतो.' मुलगा स्वतःचा जातमुचलका सहज देईल. अडतं ते दुसऱ्या माणसापाशी.

जामीनदार म्हणजे काय हे त्या आईला कोणी सांगितलं नसेल, म्हणून जरा उलगडून सांगते. आरोपी तारखेला आला नाही तर १५,००० मी भरीन असं लिहून देणारा माणूस. आज त्याला पैसे भरायचे नसतात, पण तेवढी ऐपत आहे हे दाखवावं लागतं. आमच्या कोर्टात त्यासाठी आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीचा एखादा कागद मागतात : सातबारा, घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगाराची स्लिप. कुठे कुठे तहसीलदाराचा ऐपतदारीचा दाखला लागतो, आणि त्यात दिवस जातात. हे सगळं कोर्टागणिक बदलतं. एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावर घरपट्टी चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, असंही मी पाहिलं आहे. त्यामुळे तुमच्या कोर्टात काय लागतं हे तुमच्या बेंच क्लार्कला विचारूनच त्या आईला सांग.

मग त्या माणसाला उभं करतात. तू अजून पाहिलं नसशील तर एकदा हे मुद्दाम बघ. मागे एक सत्तरीचे शेतकरी पुतण्याला जामीन राहायला आले होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. साहेबांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? तो आला नाही तर पैसे तुम्हाला भरावे लागतील, ठाऊक आहे का? याआधी कितीजणांना जामीन राहिलात? हा शेवटचा प्रश्न कुतूहलाचा नसतो. जामीनदारानं आपण आजवर किती जणांना जामीन राहिलो ते जाहीर करावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८६ च सांगतं. कारण कोर्टाबाहेर भाड्यानं जामीन राहणारेही फिरत असतात, तोच सातबारा दहा केसेसमध्ये घेऊन. म्हातारबुवा म्हणाले, "साहेब, जन्मात पहिल्यांदा कोर्ट बघतोय." मग हळूच मला विचारलं, "बाई, माझ्या सातबाऱ्यावर बोजा तर चढत नाही ना?"

ही भीती खोटी नाही. आरोपी फरार झाला तर कलम ४९१ खाली जामीनदाराला नोटीस निघते. रक्कम भरली नाही तर ती दंडासारखी वसूल होते, आणि वसूल झालीच नाही तर ६ महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगसुद्धा होऊ शकतो. भावकीतला माणूसही मागे सरतो तो यासाठी. म्हणून 'कोणीतरी जामीनदार आणा' हे वाक्य आपल्याला सोपं वाटतं, पण त्या बाईला गावभर हात पसरायला लावतं.

माझ्याच एका केसमध्ये काय काय अडू शकतं ते सांगते, म्हणजे तुला शुक्रवारचं कोडं सुटेल. नवा कायदा येऊन काही महिने झाले होते. नंदुरबार जिल्ह्यातला एक मजूर, बांधकामाच्या साइटवर कामाला. शेजारच्या साइटवरून तांब्याची वायर उचलली म्हणून दोघांना पकडलं, त्यातला हा एक. बुधवारी जामीन झाला : २०,००० चा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा 'एक स्थानिक सक्षम जामीनदार'. मी खूश होऊन दुसऱ्या कोर्टात गेले.

'स्थानिक' हा शब्द मी वाचला पण ऐकला नाही. या माणसाला आमच्या तालुक्यात ओळखणारे दोघेच, मुकादम आणि किराणा दुकानदार. मुकादम म्हणाला, मी अंगावर घेणार नाही. शुक्रवारी भाऊ रात्रभर एसटीनं प्रवास करून आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा. सातबारा वडिलांच्या नावावर, वडील जाऊन चार वर्षं झालेली, वारसनोंद केलेलीच नाही. म्हणजे जमीन आहे, पण कागदावर भावाची नाही. शिवाय ती परजिल्ह्यात. मग दुसरा शनिवार आणि रविवार.

सोमवारी मी अर्ज दिला : स्थानिक ही अट काढावी, आणि जामीनदार मिळेपर्यंत रोख रक्कम भरून सोडावं. परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही म्हणणं नवं नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते याच कारणानं. मॅजिस्ट्रेटनी १०,००० चा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते खोडून काढलं आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितलं. एवढी वर्षं झाली तरी हा शब्द टंकलेल्या नमुन्यात राहून गेला आहे, आणि तो काढायला वेगळा अर्ज द्यावा लागतो.

साहेबांनी २०,००० रोख भरून सोडा, जामीनदार सहा आठवड्यांत द्या, अशी ऑर्डर केली. कोर्टाला रोख अनामत घेता येते, ते कलम ४९० मध्ये आहे. भावानं दोन शेळ्या विकून आणि उसनवारी करून मंगळवारी पैसे आणले. ते कोर्टाची रोकड सांभाळणाऱ्या नाझराकडे भरले, पावती भावाच्या नावानं करून घेतली. हा छोटासा तपशील लक्षात ठेव : रक्कम परत मिळवायच्या वेळी पावती ज्याच्या नावाची, त्यालाच पैसे मिळतात. वकिलाच्या किंवा कारकुनाच्या सोयीसाठी दुसऱ्याच कुणाच्या नावानं फाडलेली पावती नंतर फार छळते.

मंगळवारी संध्याकाळी सुटकेचा आदेश जेलला गेला. बुधवारी सकाळी जेलनं तो परत पाठवला. रिमांड वॉरंटवर ३०३(२) आणि ३(५) अशी दोन कलमं होती, दोघांनी मिळून केलं म्हणून ३(५). सुटकेच्या आदेशात फक्त ३०३(२). जेलचं म्हणणं रास्त होतं : एका कलमात सोडा म्हणता, दुसऱ्याचं काय? चूक माझी होती. जामिनाच्या अर्जावर मीच एक कलम लिहिलं होतं आणि कारकुनानं माझ्याच अर्जावरून आदेश तयार केला. बुधवारी दुरुस्ती, गुरुवारी सुटका. ऑर्डर झाल्यापासून आठ दिवस. त्यातला एक दिवस निव्वळ माझ्या एका आकड्यापायी गेला.

जेलच्या दारात हे असं बऱ्याचदा अडतं. वडिलांच्या नावातला फरक, गुन्हा रजिस्टर नंबरमधला एक आकडा, तपासात पोलिसांनी नंतर वाढवलेलं कलम, किंवा दुसऱ्याच पोलीस ठाण्याच्या केसमधलं वॉरंट. आदेश उशिरा पोचला तर बंदी बराकीत गेलेले असतात, मग सकाळची वाट बघायची. मुंबईच्या आर्थर रोड जेलबाहेर तर असे आदेश टाकायला पेटी आहे, ती ठरलेल्या वेळीच उघडतात. म्हणून नातेवाइकांना 'आज सुटेल' म्हणायचं नाही. कागद जेलमध्ये पोचून स्वीकारला गेला की मग म्हणायचं.

आता तुझ्या डायरीतल्या मुलाचं. त्याची सगळी माहिती माझ्याकडे नाही, म्हणून हे पुष्कळसं 'जर'वर आहे. त्या आईशी दहा मिनिटं बोल, आणि बोलताना सर सोबत असू देत. घर भाड्याचं की स्वतःचं? घरपट्टी कोणाच्या नावे? नात्यात, शेजारात पगारी नोकरी कोणाला आहे? सातबारा असेल तर त्यावर जिवंत माणसाचं नाव आहे का? यातून जामीनदार निघाला तर सोमवारी सकाळी मूळ कागद घेऊन यायला सांग. दुपारी नको, कारण दुपारी साहेब पुराव्याच्या कामात असतात आणि जामीनदार पुकारायला चार वाजतात. चारला स्वीकारलं तर आदेश जेलला संध्याकाळीच जाणार.

दुसरं, ऑर्डरची नक्कल वाच. त्यात 'स्थानिक' असं लिहिलेलं नसेल आणि टेबलावर कोणी 'बाहेरगावचा चालणार नाही' म्हणत असेल, तर तो ऑर्डरचा भाग नाही. सरांना सांग, ते साहेबांसमोर विचारतील. वाद घालायला तू जाऊ नकोस.

जामीनदार मिळतच नसेल तर तीन वाटा आहेत. रोख भरणं शक्य असेल तर तो अर्ज सगळ्यात लवकर निघतो, पण ज्या घरात १५,००० रोख नाहीत तिथे त्याचा उपयोग नाही. दुसरी वाट, अट बदलून मागायची : रक्कम कमी करा किंवा नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, अवाजवी असू नये, हे कलम ४८४ सांगतं, आणि त्याच कलमाखाली सत्र न्यायालय ती कमी करू शकतं. आमच्याकडे पहिला अर्ज आम्ही त्याच मॅजिस्ट्रेटपुढे देतो. घरची कमाई, भाडं, खाणारी तोंडं असं साध्या शब्दांत लिहिलेलं शपथपत्र जोडलं तर बहुतेक वेळा काही ना काही हलतं. 'आरोपी गरीब आहे' एवढ्या एका ओळीनं काही हलत नाही, कारण ती ओळ प्रत्येक अर्जात असते.

तिसरी वाट तारखेची आहे. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं जामीन होऊनही आत राहिलेल्यांबद्दल सूचना दिल्या. ऑर्डरची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेलला ई-मेलनं जायला हवी. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि त्यांनी कोणाला तरी त्या बंद्याकडे पाठवायचं. घरच्या परिस्थितीचा अहवाल करून अट सैल करण्याची विनंती कोर्टापुढे ठेवता येते. बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असं आरोपी म्हणाला तर योग्य प्रकरणात थोड्या मुदतीचा तात्पुरता जामीन देता येतो. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. तुझे सात दिवस येत्या मंगळवारी पुरे होतात. जेलकडून कळवणं व्हायला हवं तसं होतंच असं नाही. म्हणून मंगळवारी वाट न बघता त्या आईनं प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा : मुलाचं नाव, केस नंबर, ऑर्डरची तारीख, जामीनदार का मिळत नाही. ते कार्यालय बहुधा जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं आणि पैसे लागत नाहीत. गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजनाही आहे, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. तिचा मार्ग जिल्हा पातळीवरच्या समितीतून जातो, तेव्हा दोन दिवसांत पैसे हातात पडतील अशी आशा त्या बाईला दाखवू नकोस.

एक इशारा. पायरीवर बसलेल्या बाईकडे बघून कोणीतरी येईल आणि म्हणेल, "तीन हजार द्या, जामीनदार मी देतो." सातबारा बनावट निघाला तर नवा गुन्हा दाखल होतो, आणि पोराचा जामीनही जातो. आणि तुला फार वाईट वाटलं म्हणून स्वतः जामीन राहायचा विचार करू नकोस. वकिलानं आपल्या पक्षकाराला जामीन राहू नये असा बार कौन्सिलचा नियमच आहे. तू अजून वकील नाहीस, पण सवय आतापासून लागू दे.

डायरीत सोमवारपासून दोन रकाने वाढव : ऑर्डरची तारीख आणि प्रत्यक्ष सुटकेची तारीख. मी बारा वर्षांपूर्वी सुरू केले. तेव्हापासून सुनावणीच्या आदल्या दिवशी घरच्यांना बोलावून विचारते, जामीन कोण राहील, आणि उत्तर 'कोणी नाही' असेल तर जातमुचलक्याची मागणी अर्जातच घालते. त्या वायरच्या केसमध्ये मी घाईत ते विचारलं नव्हतं. मजूर आजही तारखेला येतो, भावालाही सोबत आणतो. सहा आठवड्यांत जामीनदार मिळाला नाही, दोनदा मुदत वाढवून घेतली, शेवटी वारसनोंद झाली आणि भाऊच जामीन राहिला. पिशवी तीच होती.